दुसरे आलो, मग वर का नाही?

इंग्लंडमध्ये एप्रिल उजाडला की ज्युनिअर फुटबॉलच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. आपण दुसरे आलो, म्हणजे पुढच्या वर्षी वरच्या डिव्हिजनमध्ये ना? संघाचा मॅनेजर, म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी बाबाच, ‘कमिटी ठरवेल’ असं मोघम उत्तर देतो आणि मग तर्कांना ऊत येतो. लीगमधल्या कुणाचा तरी मुलगा त्या दुसऱ्या संघात आहे म्हणे, अमुक क्लब मोठा आहे म्हणून त्याचं ऐकतात म्हणे. रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स, लेस्टर अशा ठिकाणी रविवारच्या लीगमध्ये खेळणारी मराठी मुलं आता बरीच आहेत. त्यांचे आईबाबा मात्र क्रिकेटवर वाढलेले. मुंबईच्या कांगा लीगमध्ये ए पासून जी पर्यंत डिव्हिजन असतात आणि संघ वर-खाली होतात, हे त्यातल्या अनेकांना ठाऊक असतं. त्यामुळे इथेही तसंच असणार, टेबल बघायचं आणि वरचे दोन वर, खालचे दोन खाली, अशी त्यांची समजूत असते. प्रौढांच्या लीगमध्ये ते जवळजवळ खरं आहे. मुलांच्या लीगमध्ये ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं उन्हाळ्यात ठरतं. लीगच्या कमिटीत बसणाऱ्यांपैकी मी एक आहे, तेव्हा आतून हे कसं चालतं ते सांगतो.

आधी एक मूलभूत फरक. कांगा लीगच्या बी डिव्हिजनमधून ए मध्ये जाणारा क्लब एका कायमच्या जागेवर जातो. ए डिव्हिजन पुढच्या वर्षीही तिथेच असते. मुलांच्या लीगमध्ये अशी कायमची जागाच नसते, कारण दर वर्षी सगळा वयोगट एक पायरी पुढे सरकतो. इथे वय ३१ ऑगस्टला मोजतात. त्या दिवशी मूल १२ वर्षांचं असेल तर ते त्या हंगामात अंडर-१३. पुढच्या सप्टेंबरात तोच संघ अंडर-१४ होतो, आणि त्याच्याबरोबर अंडर-१३ मधले बाकीचे सगळे संघही अंडर-१४ होतात. म्हणजे ‘बढती’ मिळालेला संघ कुणाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसत नाही. त्या वयोगटाच्या सगळ्या संघांची दर उन्हाळ्यात नव्याने मांडामांड होते आणि गेल्या हंगामाचं टेबल हा त्या मांडणीचा पहिला, सगळ्यात वजनदार कागद असतो. पहिला आणि वजनदार, पण एकुलता एक नव्हे.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत तर तो कागदही नसतो. अंडर-७ पासून अंडर-११ पर्यंत निकाल आणि गुणतक्ते प्रसिद्ध करायचे नाहीत, असा फुटबॉल असोसिएशनचा नियम आहे. तरीही या वयात संघ गटांत विभागलेले असतात, आणि ते मॅनेजरच्या अंदाजावर, गेल्या वर्षी सामने कितपत तुल्यबळ झाले यावर. या वयात ‘आपण कितव्या डिव्हिजनमध्ये’ असं विचारणाऱ्या पालकाला खरं तर उत्तरच नाही. अंडर-१२ पासून टेबल दिसू लागतं, आणि डोकेदुखीही तिथूनच सुरू होते.

टेबलाचं गणित सोपं आहे. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, हरल्यास शून्य. ते असोसिएशनच्या फुल-टाइम नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. तिथे निकालाच्या जागी कधी आकड्यांऐवजी अक्षरं दिसतात, ती पालकांना गोंधळात टाकतात. P - P म्हणजे सामना पुढे ढकलला. H - W म्हणजे यजमान संघाला सामना न खेळता विजय दिला, A - W म्हणजे पाहुण्यांना. अशा विजयाचे गुण मिळतात, गोल मात्र मिळत नाहीत. त्यामुळे ज्या संघासमोर प्रतिस्पर्धी आलाच नाही, त्याचे तीन गुण वाढतात आणि गोलफरक जिथल्या तिथे राहतो. समोरचा संघ दुबळा असेल तर हा तोटाच, कारण तिथे पाच-सहा गोल सहज झाले असते.

गुण सारखे झाले तर पुढे काय, हे प्रत्येक लीग आपल्या नियमपुस्तिकेत ठरवते. कुठे गोलफरक बघतात, कुठे त्या दोन संघांतले आपसातले सामने, कुठे चक्क एक जादा सामना खेळवतात. मला स्वतःला मुलांच्या लीगमध्ये गोलफरक फारसा पसंत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत गोलफरक वाढवायचा म्हणून दुबळ्या संघावर बारावा-तेरावा गोल चढवला जातो, आणि समोरची बारा वर्षांची मुलं मान खाली घालून उभी असतात. पण माझ्या पसंतीला काही अर्थ नाही. पुस्तिकेत जे छापलं आहे तेच लागू होतं, आणि ते हंगाम सुरू होण्याआधी छापलेलं असतं. तुमच्या मुलाच्या लीगची पुस्तिका संकेतस्थळावर असते. तिच्यातला क्रमवारी आणि बढतीचा नियम वाचायला दहा मिनिटं पुरतात.

आता खरी भानगड. सगळ्यात जास्त तक्रारी ज्या एका नियमावरून येतात, तो पुसून टाकण्याचा नियम आहे. असोसिएशनच्या प्रमाण नियमावलीत असं आहे की एखाद्या संघाने हंगामातले ७५ टक्के सामने पूर्ण केले नाहीत, तर त्या संघाने मिळवलेले आणि त्याच्याविरुद्ध इतरांनी मिळवलेले सगळे गुण टेबलातून काढून टाकायचे. जणू तो संघ लीगमध्ये नव्हताच. मुलांच्या लीगमध्ये संघ मध्येच बंद पडणं अजिबात दुर्मीळ नाही. जानेवारीत गोलकीपर दुसऱ्या क्लबमध्ये जातो, दोघं रग्बी धरतात, मॅनेजरच्या नोकरीचं गाव बदलतं, आणि एका रविवारी सात मुलं मैदानावर येतात. आणखी दोन रविवार असंच झालं की क्लब सेक्रेटरीचा ‘माघार घेत आहोत’ असा ईमेल येतो.

एक उदाहरण घेऊन हे नीट मांडतो. उदाहरण रचलेलं आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट दर वर्षी कुठे ना कुठे घडते. अंडर-१३ ची डिव्हिजन २ धरा. आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, म्हणजे प्रत्येकाचे १४ सामने. पहिले दोन संघ वर, शेवटचे दोन खाली. वरचे तीन संघ लाल, पिवळा आणि निळा. आठवा संघ हिरवा, तो सगळ्यांत दुबळा. तुमचं मूल निळ्या संघात आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी हिरव्या संघाने माघार घेतली. तोपर्यंत त्याचे नऊ सामने झाले होते. १४ चे ७५ टक्के म्हणजे साडेदहा, म्हणजे निदान ११ सामने व्हायला हवे होते. नऊ झाले, म्हणून सगळे पुसले. निळ्या संघाने हिरव्याला दोन्ही वेळा हरवलं होतं, एकदा ९-० आणि एकदा ७-१. हे सहा गुण गेले आणि गोलफरकातले १५ गोलही गेले. पिवळ्या संघाचा हिरव्याशी एकच सामना झाला होता आणि तो, त्या दिवशी पिवळ्यांचे तीन चांगले खेळाडू आजारी असल्यामुळे, १-१ असा बरोबरीत सुटला होता. त्यांचा फक्त एक गुण गेला.

उरलेले सात संघ आपापसात १२ सामने खेळले. हंगाम संपला तेव्हा लाल संघाचे ९ विजय, २ बरोबरी आणि १ पराभव, म्हणजे २९ गुण. पिवळ्यांचे ७ विजय, ४ बरोबरी, १ पराभव, म्हणजे २५. निळ्यांचे ७ विजय, ३ बरोबरी, २ पराभव, म्हणजे २४. लाल आणि पिवळे वर गेले. निळे एका गुणाने तिसरे.

निळ्या संघाचे पालक आता कागद-पेन्सिल घेऊन बसतात. हिरव्याविरुद्धचे सहा गुण धरले तर आपले ३० होतात, पिवळ्यांचा एक धरला तर त्यांचे २६. म्हणजे मैदानावर आपण चार गुणांनी पुढे होतो! गणित बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट सुटते. पिवळ्यांना हिरव्याशी दुसरा सामना खेळायलाच मिळाला नाही. तो ते बहुधा जिंकले असते. शिवाय चौथ्या, पाचव्या संघांचे हिरव्याशी सामने कुणाचे दोन, कुणाचा एक, कुणाचा एकही नाही, असे विखुरलेले होते. अर्धवट सामने ठेवले तर ज्याला दुबळ्या संघाशी दोनदा खेळायला मिळालं त्याचा फायदा, ज्याला नाही मिळालं त्याचा तोटा. सगळे काढले की उरलेल्या प्रत्येकाने त्याच सहा संघांशी तितकेच सामने खेळलेले असतात. नियम कडू आहे, पण त्याच्यामागे न्याय आहे. तो संघ ११ सामने खेळून मग बंद पडला असता तर मात्र प्रमाण नियमानुसार गुण पुसले गेले नसते. मग न झालेल्या सामन्यांचे गुण कसे द्यायचे हे कमिटीपुढे आलं असतं, आणि ते वाद वेगळेच.

निकाल पुसणं किती लांबवर जाऊ शकतं याचं मोठ्यांच्या फुटबॉलमधलं एक उदाहरण बोलकं आहे. जर्सी बेटावरचा जर्सी बुल्स हा क्लब २०१९-२० मध्ये कंबाइन्ड काउंटीज लीगच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये उतरला आणि त्याने लीगचे २७ पैकी २७ सामने जिंकले. एकही बरोबरी नाही. मग कोरोना आला, त्या पातळीवरच्या लीगचे सगळे निकाल रद्द झाले, आणि बढती मिळाली नाही. ती मिळाली पुढे २०२१ मध्ये, लीगची एकूण रचना बदलताना. तुमच्या मुलाचे दोन सामने पुसले गेले तेव्हा त्याला ही गोष्ट जरूर सांगा. बारा वर्षांच्या मुलाला ती आवडते, असा माझा अनुभव आहे.

निळ्यांकडे परत येऊ. एप्रिलचा शेवटचा सामना झाला तरी त्यांची गोष्ट संपलेली नाही, कारण मे आणि जून उरलेले आहेत.

या दोन महिन्यांत प्रत्येक क्लब पुढच्या हंगामासाठी आपले कोणते संघ उतरणार ते लीगला कळवतो. आणि आकडे कधीच जुळत नाहीत. डिव्हिजन १ मधल्या एका संघातून तीन मुलं व्यावसायिक क्लबांच्या अकादमीत गेली, बाकीची दुसऱ्या क्लबात पांगली, तो संघ उतरलाच नाही. तिथून खाली घसरलेले दोन संघ, वर गेलेले लाल आणि पिवळे हे धरूनही आता वरच्या डिव्हिजनमध्ये आठाऐवजी सात संघ. एक जागा मोकळी. ती कुणाला द्यायची?

दोन दावेदार असतात. डिव्हिजन १ मधून सातव्या क्रमांकावर येऊन घसरलेला संघ, त्याची घसरण थांबवायची. किंवा डिव्हिजन २ मधला तिसरा, म्हणजे आपले निळे, त्यांना वर घ्यायचं. काही लीगच्या पुस्तिकेत हा क्रम स्पष्ट लिहिलेला असतो, आणि मग प्रश्न मिटतो. अनेक लीग मुलांच्या बाबतीत तो कमिटीच्या निर्णयावर सोडतात. पालकांना यात संशय दिसतो. मला यात शहाणपण दिसतं, आणि का ते सांगतो.

मोठ्यांच्या क्लबमध्ये सातव्या क्रमांकाचा संघ पुढच्या वर्षीही साधारण तोच असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी तसं नसतं. एका उन्हाळ्यात काही मुलं चार इंच वाढतात, काहींची उंची तशीच राहते. संघातले निम्मे खेळाडू बदलतात. त्यात मैदानावरच्या खेळाडूंची संख्या बदलण्याचं एक वर्ष असतं. आजवर अंडर-१२ पर्यंत नऊ-नऊ आणि अंडर-१३ पासून अकरा-अकरा असा खेळ होता. असोसिएशनच्या नव्या रचनेनुसार २०२६-२७ पासून अंडर-१३ सुद्धा नऊ-नऊच खेळतील आणि अकरा-अकराचा खेळ अंडर-१४ पासून सुरू होईल. ज्या उन्हाळ्यात ही उडी येते, त्यात क्लब आपले दोन छोटे संघ एकत्र करून एक मोठा संघ करतात. ‘गेल्या वर्षीचा तिसरा संघ’ म्हणजे नेमका कोणता, हेच मग सांगता येत नाही. म्हणून कमिटी मॅनेजरला फोन करून विचारते: तुझी किती मुलं परत येताहेत? गोलकीपर आहे का? वर जायची तयारी आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’ असंही येतं. पालकांना हे पटत नाही, पण ते शहाणं उत्तर असू शकतं. आपल्या उदाहरणात समजा निळ्यांचे चौदापैकी बारा खेळाडू परत येताहेत आणि मॅनेजर ‘हो’ म्हणतो. घसरलेल्या संघातले मात्र जेमतेम आठ उरलेत. कमिटी निळ्यांना वर घेते. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या संघाचे पालक अन्याय झाला म्हणत होते, तोच संघ जूनमध्ये तिसरा येऊनही वर गेला. आणि घसरलेल्या संघाचे पालक आता विचारताहेत, आम्हाला का नाही ठेवलं?

तळाशीही हेच घडतं. आपल्या डिव्हिजन २ मधून दोन संघ खाली जायचे होते. हिरव्याने माघार घेतली, ती बहुतेक लीग घसरणीच्या दोन जागांपैकी एक धरतात. मग उरलेल्या सातांपैकी फक्त शेवटचाच खाली गेला, सहावा वाचला. ‘दोन खाली’ असं पुस्तिकेत छापलेलं असतानाही एकच खाली गेला, म्हणून कुणी ओरडू नये. मोजणी बरोबरच आहे.

नव्या संघांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. शेजारच्या लीगमधून एक संघ अर्ज करतो. तो तिथे डिव्हिजन १ चा विजेता आहे. त्याला आपल्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये टाकलं तर तो दर रविवारी दहा गोलांनी जिंकेल. त्यात त्याचा फायदा नाही आणि समोरच्या मुलांचा तर नाहीच. थेट वर घेतला तर रांगेतल्या संघांचे पालक चिडतात. कमिटी अशा संघाचं मागच्या लीगमधलं टेबल मागवते, मैत्रीपूर्ण सामन्यांचे निकाल विचारते आणि मग जागा ठरवते. काही लीग यावर दुसरा उपाय करतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यांना मिसळून थोडे सामने खेळवायचे, आणि त्या निकालांवरून ख्रिसमसनंतरच्या डिव्हिजन पाडायच्या. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. पण तिला मैदानं, पंच आणि वेळापत्रक बघणाऱ्या स्वयंसेवकांचा वेळ दुप्पट लागतो. म्हणून ती सगळीकडे नाही.

आणखी एक प्रसंग दर वर्षी येतो. मॅनेजरचं क्लबशी बिनसतं आणि तो दहा मुलं घेऊन दुसऱ्या क्लबमध्ये जातो. वरच्या डिव्हिजनमधली जागा कुणाची? ती नोंदणीनुसार क्लबची, मुलांची नाही. पण मागे उरलेल्या चार मुलांना आणि नव्याने गोळा केलेल्या दहा जणांना त्या जागी उभं करणं म्हणजे त्यांची दैना. अशा वेळी बहुतेक कमिट्या नियमाचा शब्द बाजूला ठेवून दोन्ही संघांना त्यांच्या खऱ्या ताकदीप्रमाणे बसवतात. ज्या क्लबची जागा गेली तो अपील करतो. ते अपील पहिल्यांदा लीगकडे आणि मग काउंटी फुटबॉल असोसिएशनकडे जातं, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेलं शुल्क भरून.

या मार्गाने फक्त क्लबच जाऊ शकतो, हे पालकांनी पक्कं लक्षात ठेवावं. लीग क्लब सेक्रेटरीशीच पत्रव्यवहार करते. तुम्ही पाठवलेला ईमेल कितीही मुद्देसूद असला तरी ‘कृपया आपल्या क्लबमार्फत कळवा’ एवढंच उत्तर येईल, आणि तोवर मुदत निघून गेलेली असेल. तुम्हाला काही खटकलं तर त्याच आठवड्यात मॅनेजरला आणि सेक्रेटरीला सांगा. आकडे आणि तारखा द्या, संशय नको. ‘अमुक सामन्यात त्यांच्याकडून नोंदणी नसलेला मुलगा खेळला’ ही तक्रार कमिटी तपासू शकते आणि तिला गुण कापण्याचा अधिकारही असतो. ‘त्यांना नेहमीच झुकतं माप मिळतं’ याचं ती काहीच करू शकत नाही. तक्रारीला मुदत असते. ऑक्टोबरच्या सामन्याची तक्रार एप्रिलमध्ये, म्हणजे टेबल बघून, केलीत तर ती कुणी वाचणारही नाही.

मुलाची डिव्हिजन बरोबर आहे की नाही, हे मात्र टेबलावरूनच कळतं, फक्त वेगळ्या रकान्यावरून. क्रमांक बघू नका, सामन्यांचे निकाल बघा. हंगामातले पहिले पाच-सहा सामने झाल्यावर बहुतेक निकाल एक, दोन, तीन गोलांच्या फरकाचे असतील, तर संघ हरत असला तरी योग्य जागी आहे. वर गेलेले निळे पहिल्या सहातले चार सामने २-१, ३-२ असे हरले, तर नोव्हेंबरनंतर त्यांची गाडी सुधारण्याची शक्यता बरीच. पण ८-०, ७-०, ९-१ अशी रांग लागली तर जागा चुकली. दर आठवड्याला सहा-सात गोलांनी जिंकणाऱ्या संघाचंही तेच. जिंकणाऱ्या संघाचे पालक अशा वेळी कधीच तक्रार करत नाहीत, हे मी फार पाहिलंय. खरं तर त्यांनीही करायला हवी, कारण त्या मुलांना कुणी झुंज देत नाहीये.

अशा चुकीच्या जागेवर उपाय असतो, पण त्याला वेळ असते. काही लीग ऑक्टोबरमध्ये किंवा ख्रिसमसला संघांची अदलाबदल करायला तयार असतात, विशेषतः लहान वयोगटांत. त्यासाठी मॅनेजरने लेखी विनंती करावी लागते आणि समोरून एखादा संघ बदलीला मिळावा लागतो. फेब्रुवारीत ते होत नाही, कारण तेव्हा वेळापत्रकच मोडतं. हिवाळ्यात पावसाने मैदानं चिखलात गेलेली असतात आणि राहिलेले सामने एप्रिलमध्ये बसवतानाच वेळापत्रक बघणाऱ्याच्या नाकी नऊ आलेले असतात.

तेव्हा यंदा टेबल संपल्यावर ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा मे महिन्यातच मॅनेजरला तीन गोष्टी विचारा. आपल्या लीगच्या पुस्तिकेत रिकामी जागा भरण्याचा क्रम लिहिलाय का? आपली किती मुलं परत येणार, हे लीगला कळवलंय का? आणि वर बोलावलं तर आपण जाणार आहोत का, हे आपल्यात ठरलंय का? तिसऱ्या प्रश्नात मुलांनाही विचारा. क्लबांनी संघांची नावं कळवण्याची शेवटची तारीख लीगच्या संकेतस्थळावर असते. ती उलटून गेली आणि डिव्हिजन जाहीर झाल्या की बदलाला फारशी जागा उरत नाही.